टेलिफोन डिरेक्टरी आणि बायनरी सर्च: नेहमी येणारे प्रश्न (पाटलांसकट)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटरची पोरं प्रॅक्टिकलच्या आधी जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सगळीकडे छापील टेलिफोन डिरेक्टरीच धरलीये, ती जाडजूड, पातळ कागदाची, आडनावानुसार लावलेली. घरात नसेल तर आजोबांच्या कपाटात बघा. प्रश्नांना नंबर दिलेत, कारण उत्तरं एकमेकांकडे पाठवतात.

१. भो, बायनरी सर्च म्हणजे नेमकं काय? एकदम साध्यात सांगा.

डिरेक्टरी मधोमध उघडायची. समोर जे नाव आलं त्याच्याशी आपलं नाव ताडून बघायचं. आपलं नाव त्याच्या आधी येत असेल तर उजवीकडची अख्खी अर्धी डिरेक्टरी विसरून जायची, नंतर येत असेल तर डावीकडची विसरायची. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मधोमध उघडायचं आणि हेच परत, नाव मिळेपर्यंत किंवा उघडायला काही उरत नाही तोपर्यंत.

यातली खरी गंमत मधोमध उघडण्यात नाहीये, ती टाकून देण्यात आहे. टाकलेल्या अर्ध्यातलं एकही नाव आपण वाचलेलं नसतं, तरी आपलं नाव तिथे नाही हे छातीठोकपणे सांगता येतं, ते फक्त यादी क्रमाने लावलेली आहे म्हणून. क्रम बिघडला तर काय होतं ते प्र. ९ मध्ये आहे.

२. "फास्ट" म्हणता, पण किती फास्ट?

समजा डिरेक्टरी ४०० पानांची आणि प्रत्येक पानावर २०० नावं, म्हणजे एकूण ८०,००० नावं. पहिल्या नावापासून बोट ठेवून वाचत गेलात तर सरासरी ४०,००० नावं वाचावी लागतील, आणि नाव शेवटाला असलं तर सगळी. बायनरी सर्चमध्ये जास्तीत जास्त १७ नावं बघावी लागतात, बस.

१७ कुठून आले? ८०,००० ला दोनाने भागत जा, ४०,०००, २०,०००, १०,०००, ५,०००, असं करत एकावर यायला सोळा भाग लागतात आणि शेवटचं उरलेलं नाव ताडायचं एक, झाले सतरा. याचाच उलटा अर्थ जास्त कामाचा आहे: डिरेक्टरी दुप्पट जाड झाली की फक्त एक बघणं वाढतं. दहा लाख नावांना २०, एक कोटी नावांना २४. हेच पुस्तकात `log2(n)` म्हणून येतं.

३. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा ना, हातात कागद घेऊन करता येईल असं.

घ्या. एका छोट्या गावाची पंधरा नावांची यादी, आडनावं आपल्याकडचीच:

१ इंगळे, २ कोल्हे, ३ चौधरी, ४ देवरे, ५ पवार, ६ पाटील, ७ पाटील, ८ पाटील, ९ पाटील, १० पाटील, ११ फालक, १२ भोळे, १३ महाजन, १४ वाणी, १५ सोनवणे.

महाजन शोधायचेत. `lo` म्हणजे शोधायच्या भागाची सुरुवात, `hi` म्हणजे शेवट. आत्ता १ आणि १५, मधला ८, तिथे पाटील. महाजन नंतर येतात, म्हणून `lo` झाला ९. आता ९ ते १५ चा मधला १२, भोळे, अजून पुढे जायचंय, `lo` १३. १३ ते १५ चा मधला १४, वाणी, इथे मात्र महाजन आधी येतात, म्हणून `hi` १३. एकच जागा उरली, १३, महाजन. चार बघण्यात काम झालं, आणि पंधरा नावांत चारच्या वर कधीच लागत नाहीत, स्वतः करून बघा.

ही यादी पुढच्या बऱ्याच उत्तरांत लागणार आहे, त्यामुळे वहीत लिहून ठेवा.

४. नाव यादीत नसेलच तर? ते शोधतच राहणार का?

नाही. वरच्या यादीत नेमाडे शोधा. ८ वर पाटील, नेमाडे आधी, `hi` झाला ७. मधला ४, देवरे, नेमाडे नंतर, `lo` ५. मधला ६, पाटील, आधी, `hi` ५. मधला ५, पवार, नेमाडे त्याच्याही आधी, `hi` ४. आता `lo` ५ आणि `hi` ४, सुरुवात शेवटाच्या पुढे गेली, म्हणजे उघडायला काही उरलंच नाही. नाव नाही, विषय संपला.

पण `lo` कुठे थांबला बघितलं का? ५ वर. नेमाडेंना यादीत घालायचं असतं तर बरोबर तिथेच, देवरेंच्या नंतर आणि पवारांच्या आधी. म्हणजे "नाही" या उत्तरासोबत "असता तर कुठे असता" हेही फुकटात मिळतं. बरीच पोरं ते फेकून देऊन नुसतं -1 परत पाठवतात, आणि मग पुढच्या प्रश्नात अडकतात.

५. पाटील शोधला तर सापडतो, पण मधलाच कुठलातरी. मला पहिला पाटील पाहिजे, काय करू?

हा खानदेशातला खास प्रश्न, आणि माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा. रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत कुठलीही यादी काढा, पाटलांची पानंच्या पानं निघतात. आपल्या यादीत पाटील शोधला की पहिल्याच फटक्यात आठव्या जागेवर सापडतो, प्रोग्राम खूश होऊन थांबतो, पण आठवा हा पहिला नाही, सहावा आहे.

बरेच जण मग जुगाड करतात की सापडला ना, आता तिथून एकेक मागे सरकत जाऊ पवार येईपर्यंत. पंधरा नावांत चालून जातं. पण ८०,००० नावांच्या डिरेक्टरीत दहा हजार पाटील असले आणि तुम्ही त्यांच्या मधोमध पडलात, तर मागे हजारो नावं चालत जावं लागेल, मग ते सतरा बघण्याचं कौतुक कशाला?

बरोबर उपाय म्हणजे प्रश्नच बदलायचा. "इथे पाटील आहे का" असं विचारायचंच नाही, "हे नाव पाटीलच्या आधीचं आहे का" एवढंच विचारायचं. या प्रश्नाला यादीत सुरुवातीला सगळीकडे "हो" येतं आणि एका जागेपासून पुढे सगळीकडे "नाही". इंगळे हो, कोल्हे हो, चौधरी, देवरे, पवार हो, आणि सहाव्यापासून शेवटपर्यंत नाही. आपल्याला ती सीमा शोधायची आहे जिथे "हो" संपतं. पाटील सापडला तरी थांबायचं नाही, `hi` तिथे आणून डावीकडे बघत राहायचं:

```python
def pahila(yadi, nav):
    lo, hi = 0, len(yadi)
    while lo < hi:
        mid = (lo + hi) // 2
        if yadi[mid] < nav:
            lo = mid + 1
        else:
            hi = mid
    return lo
```

आपल्या १ ते १५ च्या मोजणीत करू, `hi` सुरुवातीला शेवटाच्या एक पुढे म्हणजे १६ ठेवून. मधला ८, पाटील, आधीचा नाही, `hi` ८. मधला ४, देवरे, आधीचा आहे, `lo` ५. मधला ६, पाटील, `hi` ६. मधला ५, पवार, आधीचा, `lo` ६. दोघं ६ वर भेटले, पहिला पाटील सहावा. (पायथन शून्यापासून मोजतं, म्हणून तिथे उत्तर ५ दिसेल, घाबरू नका.)

नाव मुळात नसलं तर हाच प्रोग्राम प्र. ४ मधली "असता तर इथे" ती जागा देतो, म्हणून परत आल्यावर एकदा तपासायचं की त्या जागेवर खरंच आपलं नाव आहे का. आणि हो, ती जागा यादीच्या बाहेरही असू शकते, तेही आधी बघा.

६. यादीत एकूण पाटील किती ते मोजायचंय, एकेक मोजू का?

एकही मोजू नका. पहिल्या पाटलाची जागा प्र. ५ ने मिळाली, ६. आता दुसरी सीमा काढा, पाटीलच्या नंतरचं पहिलं नाव कुठे सुरू होतं ती. कोडमध्ये फक्त `<` च्या जागी `<=` करायचं. ८ वर पाटील, `lo` ९. मधला १२, भोळे, `hi` १२. मधला १०, पाटील, `lo` ११. मधला ११, फालक, `hi` ११. अकरा वजा सहा, पाच पाटील. दहा हजार पाटील असते तरी डिरेक्टरी तेवढीच असेल तर दोनदा सतराच्या आसपास बघणं, तेवढंच.

पायथनमध्ये हे तयारच मिळतं, `bisect` मॉड्यूलमध्ये `bisect_left` आणि `bisect_right`. पण परीक्षेत स्वतः लिहा म्हणतात, तेव्हा वरचं नऊ ओळींचं पाठ नाही, समजलेलं असू द्या.

७. पाटलांतला एकच नेमका पाटील पाहिजे, आणि फक्त नंबर माहिती असेल तर नाव मिळेल का?

दोन प्रश्न आहेत, पण उत्तराचं मूळ एकच. डिरेक्टरी आधी आडनावाने लावलेली असते, आडनाव सारखं असेल तर नावाने, तेही सारखं असेल तर वडिलांच्या नावाने. म्हणून ताडताना आडनाव आणि नाव जोडीने ताडायचं, आधी आडनाव, बरोबरी झाली तरच नाव. असं केलं की हजारो पाटलांचा ढीगही आतून क्रमातच असतो आणि नेमका माणूस तेवढ्याच बघण्यात मिळतो.

पण फक्त "रमेश" माहिती असेल आणि आडनाव नसेल तर ही डिरेक्टरी कामाची नाही, कारण रमेश प्रत्येक आडनावाखाली विखुरलेले आहेत. नंबरचंही तसंच, नंबर कुठल्याच क्रमाने छापलेले नसतात, मधलं पान उघडून समोरचा नंबर मोठा आहे की लहान यावरून काहीच टाकून देता येत नाही. पहिल्या पानापासून वाचत जाणं एवढाच मार्ग. नाहीतर नंबराच्या क्रमाने लावलेली दुसरी यादी बनवायची, ज्यात प्रत्येक नंबरासमोर मूळ डिरेक्टरीतलं पान लिहिलेलं असेल. डेटाबेसमध्ये इंडेक्स म्हणतात तो साधारण हाच.

८. पण आम्ही तर सोनवणे शोधताना डिरेक्टरी मधोमध उघडतच नाही, शेवटाकडेच उघडतो. मग तो बायनरी सर्च कसा?

नाहीच तो. तुम्ही करता त्याला इंटरपोलेशन सर्च म्हणतात, नाव कुठे असेल याचा अंदाज बांधून तिथेच उघडायचं. डेटा सारखा पसरलेला असेल तर हे बायनरीपेक्षाही फास्ट, दहा लाख नोंदींत सरासरी चार-पाच बघण्यात भागू शकतं.

आता यात पाटील घाला. तुमचा अंदाज असतो की प हे अक्षर क पासून ह पर्यंतच्या वाटेत अमुक ठिकाणी असणार, आणि प, फ, ब यांना सारखीच जागा मिळत असणार. पण इथे एकट्या पाटलांनीच एवढी पानं अडवलीत की फालक कुठे असतील याचा अंदाज सरळ पाटलांच्या मध्ये पडतो, मग पुढे सरका, परत पाटील, अजून सरका, परत पाटील. डेटा असा एका जागी गुठळी झालेला असला की इंटरपोलेशन वाईटात वाईट केसमध्ये एकेक नाव वाचण्याइतकं हळू होऊ शकतं. बायनरी सर्चला कोण किती पाटील आहेत याच्याशी देणंघेणं नाही, तो डोळे मिटून अर्धे करतो, म्हणून त्याची १७ ची गॅरंटी टिकते. मी तरी याद्या आपल्याकडच्या असतील तर बायनरीच वापरेन.

९. यादी जवळजवळ सॉर्टेड आहे, एखादंच नाव चुकून इकडचं तिकडे. चालेल का?

ते नाव कुठल्या जागेवर आहे यावर आहे. समजा आठव्या जागेवरच्या पाटलाऐवजी चुकून सोनवणे छापले गेले, बाकी सगळं बरोबर. आता महाजन शोधा. ८ वर सोनवणे, महाजन त्यांच्या आधी येतात, म्हणून प्रोग्राम उजवा भाग टाकून डावीकडे जातो आणि तिथे अर्थातच काही सापडत नाही. भोळे, फालक, वाणी सगळे असेच गायब. एका चुकीच्या नावाने अर्धी यादी गेली.

तीच चूक तिसऱ्या जागेवर झाली तर चौधरी सापडणार नाहीत, बाकी सगळे सुखरूप, कारण या यादीत विषम नंबरच्या जागा अगदी शेवटीच बघितल्या जातात, त्यांच्यावरून पुढे काही टाकलं जात नाही.

त्रास असा की प्रोग्राम एरर देत नाही, शांतपणे "नाही" म्हणतो. म्हणून शंका आली की एक लूप फिरवा, प्रत्येक नाव त्याच्या पुढच्या नावाशी ताडा, कुठे आधीचं मोठं निघालं तर तिथे घोळ आहे.

१०. यादी मी स्वतः तपासली, अगदी बाराखडीप्रमाणे आहे, तरी काळे सापडत नाहीत. का?

कारण तुमची बाराखडी आणि कॉम्प्युटरची वेगळी आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, शेवटी येतो. त्याप्रमाणे लावलेल्या यादीत कासार आधी आणि काळे नंतर. युनिकोडमध्ये मात्र ळ चा नंबर ल च्या लगेच पुढे आहे, व आणि स च्या आधी. पायथनला `"काळे" < "कासार"` विचारलं तर तो `True` म्हणतो. आता मधली नोंद कासार आली की प्रोग्राम काळेंसाठी डावीकडे जाणार, आणि काळे तर उजवीकडे बसलेत. क्ष चं पण तसंच, कॉम्प्युटर त्याला क, हलंत आणि ष असं वाचतो, त्यामुळे क्षीरसागर क च्या शेवटी, ख च्या आधी पडतात, तुमच्या यादीत ते ज्ञ च्या शेजारी असतील तर सापडणार नाहीत.

नियम एकच, यादी ज्या ताडण्याने लावली त्याच ताडण्याने शोधायची. कॉम्प्युटरने शोधणार असाल तर आधी त्याच्याकडूनच सॉर्ट करून घ्या, आणि माणसाला दाखवताना हवी तर वेगळी लावा. अजून एक छुपी भानगड म्हणजे वऱ्हाडे मधला ऱ, तो काही कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो आणि काहींवरून र अधिक खालचा नुक्ता असा, दिसायला दोन्ही सेम. सॉर्ट करायच्या आधी सगळी नावं आणि शोधायचं नावही `unicodedata.normalize("NFC", nav)` मधून काढा, मग दोन्ही एकच होतात.

११. माझा प्रोग्राम कधीकधी अडकून बसतो, संपतच नाही.

९९ टक्के तुम्ही `lo = mid + 1` च्या जागी `lo = mid` लिहिलंय. `lo` ५ आणि `hi` ६ धरा. मधला ५ (साडेपाच खाली उतरवून). पवार आधीचे आहेत म्हणून `lo = mid`, म्हणजे `lo` परत ५. पुन्हा मधला ५, पुन्हा तेच, रात्रभर चालू द्या. जे नाव बघून झालं ते पुढच्या भागातून बाहेर गेलंच पाहिजे, म्हणून +१. तपासायला दोन नावांची यादी घ्या, एक नावाची घ्या, रिकामी पण घ्या. मोठ्या यादीत दडलेली चूक इथे लगेच उघडी पडते.

वाईट वाटून घेऊ नका. या पद्धतीचं पहिलं वर्णन जॉन मॉकली यांच्या नावावर १९४६ चं आहे, आणि यादीत कितीही नावं असली तरी चालेल अशी बिनचूक पद्धत छापून यायला त्यानंतर दहाच्या वर वर्षं गेली. आधीच्या पद्धती १५, ३१, ६३ अशा सोयीच्या संख्यांनाच चालायच्या. मी पण प्र. ३ मध्ये पंधराच नावं घेतली, ती उगाच नाही.

१२. सर म्हणतात `(lo + hi) / 2` चूक आहे. पण तुम्हीच वर लिहिलंय?

मी पायथनमध्ये लिहिलंय, तिथे पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो. सी किंवा जावामध्ये सर बरोबर आहेत. तिथे साधा `int` २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो, आणि यादी शंभर-सव्वाशे कोटींच्या घरात गेली की `lo + hi` ही बेरीज त्याच्या पुढे जाऊ शकते. जावात मग ती मायनस होते आणि प्रोग्राम यादीच्या बाहेरची जागा उघडायला जातो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही ही चूक वर्षानुवर्षं होती, जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीरपणे समजावून सांगितली. उपाय सोपा, `lo + (hi - lo) / 2` लिहा. कुठल्याही जिल्ह्याच्या डिरेक्टरीला हे लागणार नाही, पण सवय चांगली.

१३. यादी विस्कळीत आहे आणि मला एकदाच शोधायचंय. आधी सॉर्ट करू का?

एकदाच असेल तर नका करू, सरळ वाचत जा. ८०,००० नावं सॉर्ट करायला साधारण तेरा लाख वेळा ताडावं लागतं, आणि सरळ वाचण्यात सरासरी ४०,००० वेळा. म्हणजे तीस-पस्तीस वेळा शोधणार असाल तेव्हा कुठे सॉर्टचा खर्च निघतो. डिरेक्टरी एकदा लावून छापायची आणि अख्ख्या जिल्ह्याने वर्षभर उघडायची, तिथे तो खर्च किरकोळ.

१४. आणि रोज नवीन नावं येत असतील तर?

जागा शोधायला सतराच बघणं, प्र. ५ चा प्रोग्राम ती देतोच. दुखतं ते पुढे, त्या जागेनंतरची सगळी नावं एकेक घर सरकवावी लागतात, सरासरी अर्धी यादी. छापील पुस्तकात तर ते शक्यच नाही, म्हणून नवीन कनेक्शनांची वेगळी पुरवणी काढायची: आधी मुख्य डिरेक्टरीत बायनरी सर्च, नाही मिळालं तर चार पानांची पुरवणी वाचून काढायची, आणि पुरवणी जाड झाली की दोन्ही मिसळून नवीन आवृत्ती. कॉम्प्युटरवर हाच प्रकार चालतो.

सरकवणं टाळायला प्रत्येक नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पुढच्या चिठ्ठीचा पत्ता त्यावर द्यायचा, म्हणजे लिंक्ड लिस्ट, असं काही जण सुचवतात. त्यात घालणं सोपं होतं, पण मधली चिठ्ठी उघडायला पहिलीपासून मोजत जावं लागतं, मग बायनरी सर्चच गेला. डेटाबेसवाले म्हणून बी-ट्री वापरतात, त्यात प्रत्येक पानावर थोडी जागा मोकळी सोडलेली असते आणि पान भरलं की तेवढ्या एकाच पानाची दोन करतात, बाकीच्या डिरेक्टरीला फारसा हात लागत नाही.